डबा फेकू नका, सुई थांबवा : सातारा-सांगलीच्या जिमला जाणाऱ्या तरुणांना आवाहन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जिमला किंवा तालमीत जाणारा प्रत्येक तरुण, त्याचे आईवडील, जिमचे मालक, ट्रेनर आणि औषध दुकानदार, या सगळ्यांना ही विनंती आहे. पुढच्या स्पर्धेची किंवा पोलीस भरतीची तयारी ज्यांनी या आठवड्यात सुरू केली असेल, त्यांनी ती आजच वाचावी.

वाई-कराडपासून विटा-जतपर्यंत जिममधली पोरं सध्या एकाच गोष्टीने धास्तावलेली आहेत. आंघोळ झाल्यावर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात कपाळाचे कोपरे मोठे वाटतात, आणि लगेच हिशोब लागतो : दोन महिन्यांपूर्वी व्हे प्रोटीन सुरू केलं होतं, म्हणजे त्यानेच झालं. कुणी क्रिएटिनला दोष देतो. कुठेतरी ऐकलेलं ‘डीएचटी’ हे नाव जिममध्ये सगळ्यांच्या तोंडी आहे. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या भागात पोरांची लग्नं जमायला आधीच किती वर्षं लागतात हे घरोघरी माहीत आहे. बघण्याच्या कार्यक्रमात डोक्यावरच्या केसांकडे नजर जाते, आणि बाविसाव्या वर्षी टाळू दिसायला लागली की मुलगा टोपी घालून फिरतो, फोटो टाळतो, कुणाशी बोलत नाही. त्याला ‘केसांचं काय एवढं’ म्हणू नये.

घाईने लिहावं लागतंय ते त्या भीतीपोटी होणाऱ्या उलट्या कारभारामुळे. केसांच्या काळजीने पोरगा व्हेचा डबा कपाटात ढकलतो, क्रिएटिन बंद करतो, आणि त्याच महिन्यात ट्रेनरने पुढे केलेलं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत टोचून घेतो. त्याला सांगितलेलं असतं की हा ‘कोर्स’ आहे, थोडे दिवसच घ्यायचा आहे, आणि केसांसाठी सोबत एक गोळी आहेच. ज्यामुळे केस जाण्याचा पुरावा सापडत नाही ते तो सोडतो, आणि ज्यामुळे ते खरोखर जातात ते घेतो.

आधी डीएचटी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. त्यातल्या काही भागाचं एक एन्झाइम डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करतं, त्याचं आखूड नाव डीएचटी. दाढी, छातीवरचे केस आणि प्रोस्टेट ग्रंथीची वाढ याच्यावर अवलंबून असते. ते शरीरात घुसलेलं विष नव्हे, वयात आलेल्या प्रत्येक मुलाच्या रक्तात ते असतंच. मग टक्कल सगळ्यांनाच का पडत नाही? एकाच पाटाचं पाणी दोन शेतांत सोडलं आणि एक जमीन चोपण झाली, दुसरी तशीच राहिली, तर फरक मातीत असतो. केसांच्या मुळांचंही तसंच आहे. कपाळाच्या कोपऱ्यांवरची आणि टाळूवरची मुळं काहींच्या बाबतीत जन्मतःच डीएचटीला हळवी असतात. अशा मुळांतून दर फेरीला येणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका होत जातो, आणि शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं मात्र तेवढी हळवी नसतात, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या आजोबांच्याही मानेवर केसांची झालर असते.

ही गोष्ट 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिली. वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने पाहिलं. त्यांच्यापैकी काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर टक्कल पडू लागलं, पण ते ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांनाच. टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर टक्कल पुढे सरकायचं थांबलं, गेलेले केस मात्र परतले नाहीत. या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या, पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता वयाचा योगायोग बघा. घराण्यातून आलेलं टक्कल पुष्कळदा अठरा ते पंचविसाच्या दरम्यान सुरू होतं. आपल्याकडची पोरं जिममध्ये पाऊल टाकतात तेही याच वयात. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या की एकामुळे दुसरी झाली असं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून पहिलं काम असं करा : बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो काढा आणि आजच्या फोटोशेजारी ठेवा. कपाळाची रेषा जिम लावण्याआधीच मागे सरकायला लागली होती का, ते समोर दिसेल. मग वडील, काका, आजोबा आणि मामा यांच्या डोक्याकडे बघा. टक्कल फक्त मामाकडून येतं असं आपल्याकडे म्हणतात. डीएचटीला दाद देणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकाची प्रत आईकडून येते हे खरं, पण इतर अनेक जनुकंही यात असतात, त्यामुळे वडिलांच्या बाजूकडेही तितकंच पाहावं लागतं.

व्हेबद्दल फार लांबण लावण्याची गरज नाही. पनीर किंवा चीज काढल्यावर जे पाणी उरतं त्यातली प्रथिनं वेगळी करून, वाळवून केलेली पावडर म्हणजे व्हे. भिलवडी-पलूसच्या दूधपट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्यात भीतीदायक काही वाटू नये. व्हेने डीएचटी वाढून केस गेले असं दाखवणारा एकही नीट केलेला प्रयोग माझ्या वाचनात नाही. काहींना व्हेने चेहऱ्यावर मुरमं येतात, आणि त्यावरून ते ‘हार्मोन वाढले’ असा अंदाज बांधतात. मुरमं आली तर व्हे महिनाभर बंद करून पाहा, तेवढं पुरे. केसांच्या भीतीने मात्र डबा फेकू नका.

क्रिएटिनची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे एक खरा अभ्यास आहे आणि सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजमधले 20 रग्बी खेळाडू त्यात होते. त्यांना सात दिवस रोज 25 ग्रॅम क्रिएटिन दिलं आणि पुढे चौदा दिवस रोज 5 ग्रॅम. सात दिवसांनी रक्तातलं डीएचटी 56 टक्क्यांनी वाढलं होतं, आणि तिसऱ्या आठवड्याअखेर ते सुरुवातीपेक्षा 40 टक्क्यांनी जास्त होतं. टेस्टोस्टेरॉन मात्र बदललं नव्हतं.

56 टक्के हा आकडा ऐकून कुणीही दचकेल, पण तो कशाचा आहे ते पाहा. क्रिएटिन घेण्याआधी त्यांचं डीएचटी 0.98 होतं, ते 1.53 झालं (नॅनोमोल प्रतिलिटर). नुसती साखर घेतानाच्या फेरीत मात्र ते सुरुवातीलाच 1.26 होतं. म्हणजे मुळात कमी असलेला आकडा वर गेला, आणि वर जाऊनही तो निरोगी पुरुषांत सापडणाऱ्या मर्यादेतच राहिला. तीन आठवड्यांच्या या अभ्यासात कुणाचाही एकही केस मोजला गेला नव्हता. ‘क्रिएटिनने टक्कल पडतं’ हे वाक्य त्या अभ्यासात कुठेच नाही, ते नंतर लोकांनी जोडलं. त्यातली डीएचटीची वाढही नंतर कुणाला पुन्हा दाखवता आली नाही.

जो प्रयोग तेव्हाच व्हायला हवा होता तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनं उचलण्याचा सराव असलेल्या 45 पुरुषांपैकी काहींना बारा आठवडे रोज 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं, काहींना तशीच दिसणारी दुसरी पावडर. 38 जण शेवटपर्यंत टिकले. या वेळी रक्तातल्या डीएचटीबरोबर डोक्यावरच्या केसांची दाटी आणि जाडीही मोजली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. बारा आठवडे हा केसांच्या दृष्टीने थोडाच काळ आहे, आणि सहभागी माणसंही थोडी होती, हे मान्य करायलाच हवं. पण आज हातात असलेला सगळ्यात चांगला पुरावा हाच आहे, आणि तो क्रिएटिनच्या बाजूने आहे. रोज 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेणाऱ्याने केसांच्या भीतीने ते सोडण्याचं कारण नाही. ज्याच्या घराण्यात लवकर टक्कल आहे आणि ज्याला या विचाराने झोपच लागत नाही, त्याने ते नाही घेतलं तरी चालेल, त्याचं शरीर त्याविनाही तयार होईल. सात दिवस 25 ग्रॅमचं ‘लोडिंग’ मात्र कुणालाही आवश्यक नाही. 5 ग्रॅमने तोच साठा तीन-चार आठवड्यांत भरतो.

यात एक खाचखळगा आहे तो डब्याचा. डब्यावर ‘व्हे’ लिहिलं म्हणून आत व्हेच असेल असं नाही. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे 70 टक्के पावडरींवर प्रोटीनचं प्रमाण चुकीचं छापलं होतं. त्याच्याही आधी जर्मनीतल्या कलोनच्या प्रयोगशाळेने 13 देशांतून घेतलेली 634 सप्लिमेंट्स तपासली होती. त्यांच्या लेबलवर हार्मोनचा उल्लेख नव्हता, तरी 94 मध्ये स्टेरॉइडसारखी द्रव्यं निघाली. म्हणून कुणी ‘मी फक्त पावडर घेतली आणि केस गेले’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नका, त्याच्या पावडरीत काय होतं ते विचारा. पिशवीतून सुटी मिळणारी पावडर, शिक्का फोडलेला डबा, ‘टेस्ट बूस्टर’, आठवड्यात फरक दाखवणारा ‘मास गेनर’, या चार गोष्टींना हात लावू नका. एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि पक्कं बिल, एवढं तरी असल्याशिवाय पैसे देऊ नका. एवढं असूनही माल शंभर टक्के खरा ठरतो असं नाही, पण तक्रार करायला हातात काहीतरी राहतं.

आता सुईबद्दल. इस्लामपूरकडचा, तेवीस वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. हा कुणा एकाचा किस्सा नाही, जिमजिममध्ये दिसणारं चित्र मी एका मुलाच्या रूपात मांडतो आहे. वडिलांना पस्तिशीतच टक्कल पडलं होतं. दीड वर्षापूर्वी त्याने जिम लावली, व्हे आणि क्रिएटिन सुरू केलं. जिल्ह्याच्या ‘श्री’ किताबाला उतरायचं ठरलं. केसांच्या भीतीने क्रिएटिन थांबवलं आणि ट्रेनरच्या सांगण्यावरून ‘टेस्ट’ सुरू केलं : 250 मिलिग्रॅमची टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटची कुपी, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. शेवटच्या सहा आठवड्यांत ‘कटिंग’साठी स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या. भात बंद, भाकरी बंद, नऊ किलो वजन उतरवलं. आठव्या आठवड्यापासून केस मूठमूठ यायला लागले.

त्याच्या शरीरात काय झालं याचा हिशोब करू. निरोगी तरुणाचं शरीर दिवसाला साधारण 5 ते 7 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला 35 ते 50. या मुलाने आठवड्याला 500 मिलिग्रॅम टोचलं. एनॅन्थेटचं वजन वगळलं तर त्यात निव्वळ टेस्टोस्टेरॉन सुमारे 360 मिलिग्रॅम भरतं, शरीर स्वतः बनवतं त्याच्या सात ते दहा पट. त्यातलं बरंच डीएचटीमध्ये बदलतं, आणि वडिलांकडून आलेल्या हळव्या मुळांवर त्याचा मारा होतो. ज्या क्रिएटिनला घाबरून त्याने डबा बंद केला, त्याच्याबद्दलचा सगळ्यात वाईट अहवाल घेतला तरी त्यातलं डीएचटी निसर्गाच्या मर्यादेबाहेर गेलं नव्हतं. हे मात्र त्या मर्यादेच्या पार पलीकडचं आहे.

यावर तो म्हणेल, “मी केसांची गोळी घेतोय की.” जिममध्ये कुणी सहसा सांगत नाही ते इथेच आहे. ती गोळी म्हणजे फिनास्टेराइड, 1 मिलिग्रॅम. 1997 पासून ती टकलावर वापरली जाते. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम ती रोखते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते. पण स्टॅनोझोलॉल हे डीएचटीच्याच घडणीवरून बनवलेलं औषध आहे. त्याचं रूपांतर व्हावंच लागत नाही, ते थेट मुळांवर काम करतं. मेस्टेरोलोन, ड्रोस्टॅनोलोन आणि ऑक्झान्ड्रोलोनचंही तसंच. एन्झाइम रोखून यांच्यावर काही उपयोग होत नाही. ‘डेका’ म्हणून विकलं जाणारं नँड्रोलोन तर उलट वागतं. ते डोक्याच्या त्वचेत त्याच एन्झाइममुळे सौम्य रूपात बदलतं, म्हणून त्याच्याबरोबर फिनास्टेराइड घेतली तर सौम्य होण्याची वाट बंद होते आणि केसांचं नुकसान वाढू शकतं. टेस्टोस्टेरॉनबरोबर ती घेतली तरी इतक्या मोठ्या मात्रेपुढे आणि पुष्कळ टेस्टोस्टेरॉन जसंच्या तसं मुळाला मिळत असल्यामुळे पूर्ण संरक्षण होत नाही. शिवाय ही गोळी स्वतःही निरुपद्रवी नाही. काही पुरुषांत लैंगिक इच्छा आणि ताठरता कमी होते, मन उदास होतं, आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हाही तिचा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची गोळी आहे, ट्रेनरच्या बॅगेतून घ्यायची नव्हे.

त्या मुलाचे केस दोन कारणांनी गेले, आणि ती वेगवेगळी ओळखता येतात. कपाळाच्या कोपऱ्यांवर आणि टाळूवर विरळ झालेले, बारीक आणि आखूड होत गेलेले केस, ते डीएचटीचं काम. डोक्यावरून सगळीकडून एकसारखे, मुळाशी पांढरा ठिपका असलेले लांब केस येत असतील, तर ते उपासमारीचं काम. भरभर वजन उतरवलं, टायफॉइड किंवा डेंग्यू झाला, मोठं ऑपरेशन झालं, की दोन ते तीन महिन्यांनी केस असे गळतात. अन्न सुधारलं की ते सहसा सहा-आठ महिन्यांत परत येतात, औषधाशिवायही. कोपऱ्यांवरचे केस मात्र हॅमिल्टनने पाहिलं तसेच : सुई थांबवली तर गळणं थांबतं, गेलेलं आपोआप परत येत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे कुणाचंही नॉर्मल आहे, तेव्हा जाळीवरच्या पुंजक्यावरून निर्णय करू नका. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा वरून आणि समोरून फोटो काढा.

आणि अचानक चार दिवसांत टक्कल पडलं तर ते डीएचटीचं काम नव्हेच. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात गावागावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले होते, बायकांचे आणि मुलांचेसुद्धा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. तुमच्या जिमला हे लागू होतं ते असं : केसांच्या गोळ्यांत, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि काही पावडरींतही सेलेनियम असतं, आणि प्रौढाला दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅमच पुरतं. तीन डबे एकदम घेणाऱ्याने तिन्हींवरचा आकडा एकदा बेरीज करून बघावा.

केसांपेक्षा मोठं एक नुकसान आहे, आणि लग्नाच्या काळजीने ग्रासलेल्या मुलाने ते सगळ्यात आधी ऐकायला हवं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. वृषण लहान होतात, शुक्राणू बनायचे थांबतात, बऱ्याचदा पूर्णच. कोर्स संपला म्हणून ते दुसऱ्या दिवशी सुरू होत नाहीत. काहींना काही महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि काहींचं पूर्वीसारखं होतच नाही. मधल्या काळात थकवा, उदासी, लैंगिक इच्छा नाहीशी होणं, हे सगळं येतं, आणि ते टाळण्यासाठी पोरगा पुन्हा सुई घेतो. स्टॅनोझोलॉलसारख्या गोळ्यांनी काविळीची भीती असते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. छातीत दुखलं, पायऱ्यांवर धाप लागली, डोळे पिवळे झाले, स्तनाग्राखाली गाठ लागली, किंवा सुई टोचली तिथे लाल, गरम सूज आली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एका कुपीतून दोघांनी सुई घेणं, जुनी सिरिंज वापरणं, याचा अर्थ कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीला दार उघडणं.

ऊर्जेसाठी म्हणून काही जिममध्ये मेफेन्टरमाइनच्या कुप्या फिरतात. ते स्टेरॉइड नव्हे आणि केसांशी त्याचा संबंध नाही. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब घसरला तर वापरायचं ते इंजेक्शन आहे. महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. ते जिममध्ये टोचणं म्हणजे निरोगी हृदयाला विनाकारण चाबूक मारणं, आणि त्याचं व्यसनही लागतं.

ज्यांनी सुई घेतली आहे त्यांना माझं सांगणं : लपवू नका, आणि उरलेला कोर्स मनानेच बंद-चालू करत बसू नका. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, यातलं जे जवळ असेल तिथे जा. केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि बाकीच्यासाठी फिजिशियनकडे. काय घेतलं, किती, किती आठवडे, ते एका कागदावर लिहून न्या. रिकाम्या कुप्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, कारण त्यावर लिहिलेलं आणि आत असलेलं एक नसेल तर डॉक्टरला तेवढाच सुगावा लागतो. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या आणि कोलेस्टेरॉल यांच्याबद्दल विचारा. हार्मोनसाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्या, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं. डॉक्टर पोलिसांना कळवतील या भीतीने जे मागे राहतात त्यांना सांगतो, त्यांचं काम तुमच्यावर उपचार करण्याचं आहे.

आईवडिलांनी मुलाच्या डब्यावर रागवू नये, पण त्याच्या खोलीत सिरिंज दिसली तर गप्प राहू नये. सहा महिन्यांत दहा किलो नुसतं मांस चढलं, पाठीवर आणि खांद्यावर मुरमांचा उद्रेक झाला, चिडचिड वाढली, तर शांतपणे विचारा. व्हेने असं होत नाही.

जिमचे मालक आणि ट्रेनर यांना हात जोडून विनंती आहे. या मातीने गोळेश्वरचे खाशाबा जाधव घडवले, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी देशाला पदक मिळवून दिलं. तुमच्याकडे येणारं पोरगं तुम्हाला वस्तादाच्या जागी मानतं, तुम्ही सांगितलेलं ते डॉक्टरपेक्षाही आधी ऐकतं. तुमच्या जिममध्ये कुपी विकली जाणार नाही आणि टोचली जाणार नाही, असं या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगा. ज्याला कोर्स हवा आहे त्याला एवढंच विचारा की तुझ्या वडिलांना कोणत्या वर्षी टक्कल पडलं. औषध दुकानदारांना वेगळं सांगायला नको : अॅनाबॉलिक स्टेरॉइड शेड्यूल एच मधली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, फिनास्टेराइडसुद्धा नाही. कुठे चिठ्ठीशिवाय कुप्या किंवा शंकास्पद पावडर विकली जात असेल तर बिल, बॅच क्रमांक आणि डब्याचा फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा किंवा सांगलीतल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.